आईंची पॉलिसी पोर्ट केली, तेव्हाची गोष्ट

सासूबाईंची आरोग्य विमा पॉलिसी आम्ही 14 ऑगस्ट 2023 ला काढली. तेव्हा त्या 63 वर्षांच्या होत्या. विमा रक्कम 5 लाख. डायबिटीस आधीपासूनच होता आणि प्रपोजल फॉर्मवर तो स्पष्ट लिहिला होता. पहिली दोन वर्षं एकही क्लेम झाला नाही. मग माझ्या मावससासऱ्यांचं ऑपरेशन झालं. त्यांची पॉलिसीही याच कंपनीची, याच प्रकारची. खोलीचं भाडं विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंतच मंजूर, म्हणजे दिवसाला 5,000. त्यांची खोली 8,000 ची होती. कंपनीने फक्त भाड्यातले 3,000 कापले असते तर समजू शकलो असतो, पण सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट हे सगळंच त्याच प्रमाणात कापलं. तो हिशेब पाहिला त्याच संध्याकाळी मी आईंची पॉलिसी कपाटातून काढून वाचायला घेतली.

खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे होती. पण नवी पॉलिसी घ्यायची तर वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच नाही, मोतीबिंदू, हर्निया, गुडघा यांसारख्या ठरावीक आजारांना 24 महिने आणि आधीपासून असलेल्या आजाराला, म्हणजे आईंच्या डायबिटीसला, 36 महिने. यातली दोन वर्षं आम्ही हप्ते भरून काढलेली होती, ती सोडून देणं परवडणारं नव्हतं. म्हणून पोर्टिंग, म्हणजे पॉलिसी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेणं. जुन्या कंपनीत जेवढी प्रतीक्षा पूर्ण झाली तेवढी नव्या कंपनीने मोजायची, हा पॉलिसीधारकाचा हक्क आहे, आणि विमा नियामक आयआरडीएआयच्या 29 मे 2024 च्या मास्टर सर्क्युलरमध्ये तो पुन्हा नमूद आहे. मात्र नवी कंपनी अर्ज नाकारू शकते. हक्क आहे तो मिळवलेल्या वेटिंगचा, पॉलिसी मिळण्याचा नाही. हा फरक मला सुरुवातीलाच कळला हे बरं झालं, कारण त्यामुळे जुनी पॉलिसी मी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही.

अर्ज करण्याआधी एका वहीत हिशेब मांडला. तो इथे सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नूतनीकरणाची तारीख 14 ऑगस्ट 2025. त्या दिवशी आईंचे 24 महिने पूर्ण होत होते. म्हणजे 30 दिवसांचा काळ संपला, ठरावीक आजारांचे 24 महिनेही संपले. डायबिटीसच्या 36 पैकी 24 झाले, 12 उरले. नव्या पॉलिसीतही ठरावीक आजारांना 24 आणि जुन्या आजारांना 36 महिनेच होते, त्यामुळे वजाबाकी सोपी होती. नव्या कंपनीत ठरावीक आजारांना 36 महिने असते, तर मोतीबिंदूसाठीही 12 महिने थांबावं लागलं असतं. क्रेडिट म्हणजे सूट नाही, झालेले महिने वजा करून मिळतात, उरलेले काढावेच लागतात.

दुसरा भाग रकमेचा. आम्हाला विमा रक्कम 5 वरून 10 लाख करायची होती. दोन वर्षं क्लेम नसल्यामुळे दरवर्षी 10 टक्के असा एकूण 1 लाखाचा बोनस जमा होता. वेटिंगचं क्रेडिट या 5 अधिक 1, म्हणजे 6 लाखांपुरतंच मिळणार होतं. वरचे 4 लाख ही नवी रक्कम, तिच्यासाठी 30 दिवस, 24 महिने, 36 महिने, सगळं नव्याने. म्हणजे पॉलिसी एकच, पण वेटिंगच्या दृष्टीने तिचे दोन थर. एजंट हे सांगताना सहसा फक्त “सगळं कंटिन्यू होतं” एवढंच म्हणतो. 6 लाखांच्या आत ते खरंही असतं.

नव्या कंपनीच्या पॉलिसीच्या कागदात अर्जाची मुदत दिली होती: नूतनीकरणाच्या 60 दिवस आधीपासून 45 दिवस आधीपर्यंत. म्हणजे 15 जून ते 30 जून. मी 18 जूनला अर्ज दिला. सोबत प्रपोजल फॉर्म, पोर्टेबिलिटी फॉर्म, दोन्ही वर्षांची शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाची पानं, आणि दोन वर्षांत क्लेम नसल्याचं निवेदन जोडलं. जुन्या कंपनीची नूतनीकरणाची नोटीस आल्यावर तीही पाठवली. तिचं महत्त्व पुढे कळलं. चालू शेड्यूलवर 50,000 चाच बोनस छापलेला होता. दुसऱ्या वर्षाचा बोनस धरून 1 लाखाचा आकडा फक्त त्या नोटिशीत होता.

फॉर्म भरताना एजंटने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, “ताई, डायबिटीस लिहिलात तर अडकेल. गोळ्यांवरच आहेत ना, राहू दे.” मी लिहिला. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, केव्हापासून, सगळं. एक तर जुन्या कंपनीच्या नोंदीत तो होताच आणि ती माहिती नव्या कंपनीकडे जाणारच होती. दुसरं, लपवलेला आजार क्लेमच्या वेळी निघाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. सलग 60 महिने झाले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला हे कारण देता येत नाही. त्याला मोरेटोरियम म्हणतात आणि त्याचे महिनेही पोर्ट होतात. पण आईंचे 24 च झाले होते. एका अर्धवट उत्तरासाठी उरलेली 3 वर्षं जीव टांगणीला लावून काढायची नव्हती.

25 जूनला तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, ईसीजी. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 7.4 आला. नंतर दोन आठवडे काहीच हाललं नाही. 8 जुलैला फोन केला तेव्हा नव्या कंपनीतून उत्तर आलं, “जुन्या कंपनीकडून माहिती आलेली नाही, त्यामुळे फाइल थांबली आहे.” मास्टर सर्क्युलरप्रमाणे विनंती मिळाल्यापासून 72 तासांत जुन्या कंपनीने माहिती द्यायची आणि ती मिळाल्यापासून 5 दिवसांत नव्या कंपनीने निर्णय कळवायचा. ही देवाणघेवाण इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या पोर्टलवरून होते, आपल्या हातात काही नसतं. मी जुन्या कंपनीला फोन लावला. त्यांचं म्हणणं, “आमच्याकडे विनंतीच आलेली नाही.”

दोघांचं बोलणं एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोघेही खोटं बोलत असतील असं वाटेना. म्हणून जुन्या कंपनीच्या मुलीला विचारलं, “तुमच्याकडे कोणत्या पॉलिसी नंबरवर शोधताय?” तिने नंबर वाचून दाखवला. शेवटचे दोन आकडे 01. मी समोरच्या कागदावर बोट ठेवून ऐकत होते. 2023 च्या शेड्यूलवर शेवटी 00 होते, 2024 च्या शेड्यूलवर 01. नूतनीकरणाला नंबर तोच राहतो, फक्त शेपूट बदलतं. लगेच नव्या कंपनीला विचारलं, तुम्ही कोणता नंबर टाकलात? 00. पहिल्या वर्षीचं शेड्यूल फाइलमध्ये वर होतं, त्यावरचाच त्यांनी उचलला होता. संपलेल्या पॉलिसीवर विनंती गेली, म्हणून ती कुणाला दिसतच नव्हती.

तीन आठवडे दोन आकड्यांत अडकले होते. तेव्हापासून कुणालाही पोर्टिंगचे कागद देताना मी चालू वर्षाचं शेड्यूल सगळ्यात वर ठेवायला सांगते आणि ई-मेलच्या पहिल्याच ओळीत चालू पॉलिसीचा पूर्ण नंबर लिहायला सांगते. 14 जुलैला योग्य नंबरवर विनंती गेली, 17 ला माहिती आली. अधेमधे जुन्या कंपनीतून एकाचा फोन आला, “तुमचा बोनस जाईल मॅडम, सगळं वेटिंग परत लागेल.” मी त्यांना हेच ई-मेलवर लिहून द्यायला सांगितलं. ई-मेल आला नाही.

21 जुलैला निर्णय आला. अर्ज मंजूर, डायबिटीससाठी हप्त्यावर 15 टक्के लोडिंग, त्याला आमची लेखी संमती हवी. घरी चर्चा झाली. आईंना हप्ता वाढतोय याचंच वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी एवढं कशाला गं?” मी म्हटलं, “आई, खोलीच्या भाड्यावरून काकांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत ना.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. लोडिंग दरवर्षी भरायचंय, ती रक्कम लहान नाही. पण जुन्या पॉलिसीत एका मोठ्या ऑपरेशनला जी कपात झाली असती, तिच्यापुढे मला ती योग्य वाटली. 24 जुलैला संमती दिली आणि पैसे भरले. मनाशी मात्र एक तारीख ठरवून ठेवली होती. 8 ऑगस्टपर्यंत पक्का निर्णय आला नसता तर जुनी पॉलिसीच नूतनीकरण करून मी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला असता. नाकारलं गेलेलं पोर्टिंग पुढच्या वर्षी करता येतं, पण खंड पडला तर मिळवलेले महिनेच जातात.

9 ऑगस्टला नवी पॉलिसी ई-मेलवर आली. खरं काम इथून सुरू झालं. बरेच जण पॉलिसी आली की कागद फाइलला लावतात, मीही तेच करणार होते. रात्री जेवणं झाल्यावर सहज उघडून पाहिली. दुसऱ्या पानावर सदस्याचा तक्ता होता. नाव, जन्मतारीख, विमा रक्कम 10,00,000. आणि पहिल्यांदा विमा सुरू झाल्याच्या तारखेच्या रकान्यात 14/08/2025. मागच्या पॉलिसीचा रकाना कोरा. खाली आधीपासून असलेला आजार म्हणून डायबिटीस, वेटिंग 36 महिने.

म्हणजे सात आठवड्यांची खटपट करून कागदावर आम्हाला एक नवी कोरी पॉलिसी मिळाली होती. क्लेमच्या वेळी रुग्णालयात बसलेला टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा माणूस आपली कहाणी ऐकत नाही, तो हा तक्ता बघतो.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं, “सिस्टीममध्ये पोर्ट म्हणूनच आहे मॅडम, काळजी करू नका.” सिस्टीममध्ये असेलही, पण माझ्या हातातल्या करारात नव्हतं. त्याच रात्री ई-मेल लिहिला. त्यात रागाचा एकही शब्द ठेवला नाही, फक्त मागणी लिहिली. पहिल्या विम्याची तारीख 14/08/2023 करा. मागची कंपनी आणि पॉलिसी नंबर छापा. 5 लाख विमा रक्कम आणि 1 लाख बोनस मिळून 6 लाखांवर 24 महिन्यांचं क्रेडिट दाखवा. डायबिटीसचं उरलेलं वेटिंग 12 महिने लिहा. सोबत दोन्ही शेड्यूल, नूतनीकरणाची नोटीस, मंजुरीचं पत्र. तीन दिवसांनी दुरुस्त मसुदा आला, त्यात तारीख बरोबर होती पण क्रेडिट साडेपाच लाखांवर. बोनस 50,000 धरला होता, चालू शेड्यूलवरचा. नोटिशीतल्या 1 लाखाच्या आकड्याभोवती गोल करून ती पुन्हा पाठवली, या वेळी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही प्रत लावली. तिथूनही दाद मिळाली नसती तर आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकायची तयारी होती आणि त्यानंतर विमा लोकपाल.

त्या दिवसांत मला धीर होता तो एका मुदतीचा. जुन्या पॉलिसीच्या नूतनीकरणाला 14 ऑगस्टपासून 30 दिवसांची वाढीव मुदत होती, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. या मुदतीत हप्ता भरला तर मिळवलेले महिने टिकतात, फक्त मधल्या दिवसांत आजारपण आलं तर त्याला जुन्या पॉलिसीचं संरक्षण नसतं. म्हणजे नव्या कंपनीने कागद दुरुस्त करायला नकार दिला असता, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी रद्द करून जुनीकडे जाण्याचा रस्ता उघडा होता. तक्ता वाचायला मी ऑक्टोबर उजाडू दिला असता तर ते दार बंद झालं असतं.

21 ऑगस्टला एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीचा अधिकृत कागद, आलं. एकच पान. त्यावर सगळे चार मुद्दे. मी त्याची प्रिंट काढून पॉलिसीच्या पहिल्या पानाच्याही वर लावली आणि फोटो काढून घरातल्या तिघांच्या फोनमध्ये ठेवला.

ऑक्टोबरमध्ये आईंना वाचताना धूसर दिसायला लागलं. पोथीतली ओळ सुटायची, मग बोट ठेवून वाचायच्या. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजवा आधी काढायचा. डिसेंबरमधली तारीख ठरली. कॅशलेसचा अर्ज गेला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीकडून शंका आली: रुग्णाला डायबिटीस आहे, त्याचं वेटिंग अजून बाकी आहे, मोतीबिंदू डायबिटीसमुळे झाला आहे का?

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी मोतीबिंदू 24 महिन्यांच्या यादीत धरला होता आणि ती यादी पूर्ण झाली होती. पण आधीपासून असलेल्या आजारातून उद्भवलेला त्रासही त्याच आजाराच्या वेटिंगमध्ये जातो. डायबिटीसमुळे दृष्टिपटलाला इजा झाली असती, तर त्या उपचाराला आम्हाला ऑगस्ट 2026 पर्यंत थांबावंच लागलं असतं, आणि ते नियमाला धरून असतं. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. तो वयानुसार डायबिटीस नसलेल्यांनाही होतो. डायबिटीसमध्ये तो लवकर होऊ शकतो, पण कुणाच्या डोळ्यात तो कशाने आला हे कंपनीने गृहीत धरायचं नसतं, डोळा तपासलेल्या डॉक्टरांनी सांगायचं असतं. डॉक्टरांना भेटून विचारलं. त्यांनी तपासणीचे कागद पुन्हा पाहिले आणि पत्र दिलं: मोतीबिंदू वयोमानानुसार, दोन्ही डोळ्यांत, निदान ऑक्टोबर 2025, दृष्टिपटलावर डायबिटीसचे बदल नाहीत. ते पत्र आणि एंडोर्समेंटचं ते एक पान सोबत गेलं.

मंजुरी संध्याकाळी साडेपाचला आली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं आणि आई दुपारी घरी आल्या. चार दिवसांनी हिरवं फडकं बाजूला करून त्यांनी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पानं मोजता येतील गं.”

एंडोर्समेंटच्या पाठीमागे मी पेन्सिलने तीन तारखा लिहून ठेवल्या आहेत. 14 ऑगस्ट 2026 ला 6 लाखांपर्यंत डायबिटीसही सुटेल. 14 ऑगस्ट 2027 ला वरच्या 4 लाखांसाठी मोतीबिंदू-गुडघ्याची यादी सुटेल. 14 ऑगस्ट 2028 ला त्या 4 लाखांवरचं डायबिटीसचं वेटिंग संपेल आणि त्याच दिवशी खालच्या 6 लाखांचे 60 महिनेही भरतील. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी करायचं ठरलंय, त्याचा कॅशलेसचा अर्ज भरताना या वेळी डॉक्टरांचं पत्र मी पहिल्या दिवशीच जोडणार आहे.